रक्ताची काच, बफरचा सामू आणि न दिसणारा हिवताप

हिवतापाच्या निदानासाठी बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला, की त्यातले परजीवी लगेच दिसत नाहीत. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ याने १८८० साली अल्जेरियात हे परजीवी प्रथम पाहिले ते न रंगवलेल्या ताज्या रक्तात. त्यांची हालचाल आणि त्यांच्यातले काळसर कण यांवरून त्याने ते ओळखले. वाळलेल्या रक्तात ही हालचाल नसते आणि परजीवीचे शरीर जवळपास पारदर्शक असते. म्हणून रोजच्या तपासणीत काच रंगवावी लागते. रशियन डॉक्टर रोमानोव्स्की याने १८९१ साली निळे आणि तांबडे असे दोन रंग एकत्र वापरून परजीवीचे केंद्रक जांभळट-तांबडे आणि भोवतालचे पेशीद्रव्य निळे करून दाखवले. हॅम्बुर्गचा रसायनतज्ज्ञ गुस्ताव्ह जिम्सा याने १९०४ साली या मिश्रणाला मिथेनॉल आणि ग्लिसरीन यांत स्थिर रूप दिले. आज जगभर हिवतापाच्या काचा प्रामुख्याने जिम्सा रंगानेच रंगवल्या जातात. भारतातल्या हिवताप कार्यक्रमात जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तयार केलेला ‘जेएसबी’ हा झटपट रंगही बराच काळ वापरात आहे. त्याची द्रावणे आणि वेळा वेगळ्या असल्यामुळे एका रंगाचे नियम दुसऱ्याला लावता येत नाहीत. इथे विचार आहे तो जिम्सा रंगाचा.

दोन रंग, दोन विद्युतभार

जिम्सा रंगात मुख्य काम करणारे दोन घटक असतात. अ‍ॅझ्युर बी हा निळा रंग धनभारित असतो आणि इओसिन हा तांबडा रंग ऋणभारित. केंद्रकातले डीएनए आणि पेशीद्रव्यातले आरएनए यांवर ऋणभार असल्यामुळे अ‍ॅझ्युर त्यांना चिकटतो. हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांवर धनभारित जागा असतात, तिथे इओसिन बसतो. परजीवीच्या केंद्रकाला मिळणारा ठसठशीत जांभळट-तांबडा रंग मात्र एकट्या अ‍ॅझ्युरचा नसतो. अ‍ॅझ्युर आधी डीएनएवर बसतो आणि मग त्याच्यावर इओसिन येऊन जुळतो. या जुळणीतूनच तो वेगळा रंग निर्माण होतो. ही जुळणी सावकाश होते, म्हणून काच रंगात पुरेसा वेळ ठेवावी लागते.

सामू, म्हणजेच पीएच, या रंगांचा तोल ठरवतो. द्रावण आम्लाकडे झुकले की प्रथिनांवरचा धनभार वाढतो, इओसिन अधिक चिकटतो आणि काच गुलाबी-तांबडी दिसू लागते. द्रावण अल्कलीकडे गेले की इओसिन मागे पडतो, अ‍ॅझ्युर वरचढ होतो आणि काच निळसर होते. पांढऱ्या पेशींची मोजणी आणि वर्गवारी करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये सामू ६.८ ठेवण्याची पद्धत आहे, कारण त्या पेशींचे कण या सामूला छान उठून दिसतात. हिवतापासाठी मात्र सामू ७.२ हवा. फरक ०.४ चाच आहे, पण तेवढ्याने व्हायवॅक्स हिवतापाची सगळ्यात मोठी खूण काचेवरून नाहीशी होऊ शकते.

ती खूण म्हणजे शुफनरचे ठिपके. व्हायवॅक्सचा परजीवी तांबड्या पेशीत वाढू लागला की ती पेशी फुगते आणि तिच्यात बारीक गुलाबी ठिपक्यांची रांगोळी उमटते. अगदी कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थेत ठिपके थोडेच असतात, पण परजीवी मोठा होत गेला की पेशीभर पसरतात. फाल्सिपेरम हिवतापात असे ठिपके नसतात. तिथे मोठ्या अंगठ्या असलेल्या पेशींत काही मोजके, ठळक डाग दिसू शकतात, आणि तेही योग्य सामूलाच. म्हणजे हिवताप आहे की नाही, एवढ्यापुरताच सामूचा संबंध नाही. कोणता हिवताप आहे, हेही तोच ठरवू देतो किंवा लपवतो.

बफर कसा तयार होतो

सामू ७.२ वर स्थिर ठेवण्याचे काम बफर करतो. साध्या ऊर्ध्वपातित पाण्याला, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरला, सामू टिकवण्याची ताकद नसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी आम्लधर्मी होते. नळाच्या पाण्याचा सामू गावागणिक बदलतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर ते बहुधा अल्कलीकडे झुकलेले असते. म्हणून रंग विरघळवायला आणि शेवटी काच धुवायलाही बफर घातलेले पाणीच वापरावे.

बफरची कृती सोपी आहे. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे Na2HPO4, १ ग्रॅम आणि निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे KH2PO4, ०.७ ग्रॅम विरघळवायचे. पहिला क्षार अल्कलीकडे ओढतो, दुसरा आम्लाकडे, आणि या प्रमाणात सामू ७.२ च्या आसपास येतो. नेमका आकडा मीटरवर पाहून शेवटची दुरुस्ती करतात. त्यासाठी दोन्ही क्षारांची २ टक्क्यांची वेगवेगळी द्रावणे हाताशी ठेवलेली असतात. सामू कमी पडला तर पहिल्याचे, जास्त झाला तर दुसऱ्याचे काही थेंब घालत ७.२ गाठायचा. मीटरही आधी ७.० च्या प्रमाणित द्रावणात लावून तपासलेला हवा.

कृती सोपी असली तरी तिच्यात एक खोच आहे, ती बाटलीच्या लेबलवर. डायसोडियम फॉस्फेट बाजारात निरनिराळ्या रूपांत मिळते. Na2HPO4 हे निर्जल रूप झाले. Na2HPO4·2H2O मध्ये दोन आणि Na2HPO4·12H2O मध्ये बारा रेणू पाणी स्फटिकातच बांधलेले असते. दिसायला सगळी पांढरीच. पण बारा रेणू पाणी असलेल्या स्फटिकाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा पाण्याचाच असतो. निर्जल क्षाराच्या १ ग्रॅमऐवजी दोन पाण्यांचे रूप १.२५ ग्रॅम आणि बारा पाण्यांचे रूप सुमारे २.५ ग्रॅम घ्यावे लागते.

आता समजा, एका ग्रामीण प्रयोगशाळेत जुनी बाटली संपली आणि पुरवठ्यात बारा पाण्यांच्या स्फटिकांची नवी बाटली आली. तंत्रज्ञाने भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे नेहमीसारखा १ ग्रॅम मोजून घेतला. प्रत्यक्षात त्यात कामाचा क्षार गेला तो फक्त ०.४ ग्रॅम. दुसरा क्षार मात्र पूर्ण ०.७ ग्रॅम आहे. हिशोब मांडला तर या बफरचा सामू ७.२ ऐवजी जवळपास ६.८ भरतो. द्रावण स्वच्छ आणि रंगहीन असल्यामुळे डोळ्यांना काहीच वेगळे जाणवत नाही. तंत्रज्ञाने तपासणी केली, पण एकेका अंकाच्या फरकाने रंग बदलणाऱ्या साध्या पीएच पट्टीने. त्या पट्टीवर ६.८ आणि ७.२ हे दोन्ही ‘सात’च दिसतात. मीटर किंवा बारीक टप्प्यांची पट्टी असती तर चूक पाच मिनिटांत कळली असती आणि पहिल्या क्षाराचे २ टक्क्यांचे द्रावण थोडे थोडे घालून ती निस्तरताही आली असती.

तयार गोळ्यांपासून बफर करणाऱ्या प्रयोगशाळांत हीच चूक वेगळ्या वाटेने होते. गोळ्या ६.८ च्याही मिळतात आणि ७.२ च्याही. रक्तपेशींच्या तपासणीसाठी मागवलेली डबी हिवतापाच्या टेबलावर आली की पुढचे सगळे तसेच घडते.

काच रंगवताना

एकाच काचेवर सहसा रक्ताचे दोन थर घेतात. जाड थरात तांबड्या पेशींचे अनेक पदर एकावर एक असतात, म्हणून थोड्या जागेत जास्त रक्त तपासता येते. पातळ थरात पेशी एकेकट्या पसरलेल्या असतात, म्हणून परजीवीची जात ओळखायला तो उपयोगी पडतो. पातळ थर मिथेनॉलने पक्का करतात. जाड थर पक्का करायचा नसतो. रंगाच्या द्रावणातल्या पाण्याने त्यातल्या तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन निघून जायला हवे, तरच खालचे परजीवी दिसतात. पातळ थरावरचे मिथेनॉल ओघळून किंवा त्याची वाफ लागून जाड थर पक्का झाला, काच उन्हात किंवा दिव्याखाली तापवून वाळवली, किंवा उष्ण-दमट हवेत रंगवायला बरेच दिवस लागले, तर हिमोग्लोबिन आतच अडकते. मग जाड थर निळसर-राखाडी गोळा होतो आणि रंग कितीही चांगला असला तरी आतले काही वाचता येत नाही.

रंगवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. घाईच्या कामाला १० टक्क्यांचे द्रावण वापरतात, म्हणजे एक भाग मूळ जिम्सा आणि नऊ भाग बफर. एका काचेला सुमारे ३ मिलिलिटर द्रावण लागते. दहा काचा असतील तर ३ मिलिलिटर मूळ रंग आणि २७ मिलिलिटर बफर पुरतो. यात काच साधारण ८ ते १० मिनिटे ठेवतात. काचांची संख्या मोठी असेल आणि निकालाची घाई नसेल, तर ३ टक्क्यांच्या द्रावणात ३० ते ४५ मिनिटे ठेवतात. सौम्य द्रावणात रंग सावकाश पण एकसारखा चढतो आणि मूळ रंगही कमी खर्ची पडतो.

या वेळा सुरुवातीच्या अंदाजासाठी आहेत. प्रत्येक बाटलीतला रंग थोडा वेगळा असतो आणि थंडीत तो सावकाश चढतो. म्हणून नवी बाटली उघडली की आधीच निदान झालेल्या व्हायवॅक्स रुग्णाच्या रक्ताच्या काही सारख्या काचा घेऊन त्या वेगवेगळ्या वेळा रंगवून पाहतात. ज्या वेळेला केंद्रक तांबडे, पेशीद्रव्य निळे आणि शुफनरचे ठिपके स्पष्ट दिसतात, ती वेळ बाटलीवर लिहून ठेवतात. त्या बाटलीसाठी तोच नियम.

वेळ कमी पडली तर पेशीद्रव्याचा निळा रंग फिका राहतो आणि केंद्रकावरची सावकाश होणारी जुळणी अर्धवट राहते. जाड थरात मग परजीवीच्या जागी एखादा पुसट ठिपका उरतो. अशा ठिपक्याची प्लेटलेटशी गल्लत होते किंवा नजर त्याच्यावरून सरकून जाते. वेळ जास्त झाली तर उलटा त्रास होतो. पार्श्वभूमीच निळी-जांभळी होते आणि बारीक अंगठ्या तिच्यात बुडून जातात.

तयार केलेले द्रावण ठेवून देता येत नाही. रंग मिथेनॉल-ग्लिसरीनमध्ये स्थिर असतो, पण पाण्यात मिसळताच त्यातले निळे आणि तांबडे घटक एकमेकांशी जुळून साका बनू लागतो. म्हणून द्रावण पंधरा मिनिटांच्या आत वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे. सकाळी केलेल्या द्रावणात दुपारी काचा रंगवल्या तर त्या फिक्या निघतात. मूळ बाटलीतही पाण्याचा थेंब जाता कामा नये. ओल्या पिपेटने रंग काढला की बाटली हळूहळू निकामी होत जाते. त्यासाठी रोजच्या वापरापुरता रंग छोट्या बाटलीत काढून मोठी बाटली बंद ठेवतात.

धुण्याचीही रीत आहे. रंगाच्या पृष्ठभागावर चकाकणारी साय धरते. काच तिरपी करून द्रावण ओतून टाकले तर ती साय थरावरच बसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या-जांभळ्या कणांचा सडा दिसतो. हे कण परजीवींना झाकतात आणि कधी कधी परजीवीच भासतात. म्हणून काच आडवीच ठेवून एका कडेने बफरचे पाणी हळू सोडतात, साय तरंगत निघून जाऊ देतात आणि मग काच उभी करून वाळवतात. जोराची धार जाड थरावर पडली तर थराचाच काही भाग, आणि त्याबरोबर परजीवीही, वाहून जातात.

परजीवी नेमके कसे लपतात

जाड थराची शंभर क्षेत्रे तेलाच्या भिंगातून तपासल्याशिवाय ‘परजीवी आढळले नाहीत’ असे लिहू नये, असा नियम आहे. या शंभर क्षेत्रांत तपासले जाणारे रक्त एका मायक्रोलिटरच्या पाव भागाच्या आसपास असते. रुग्णाच्या रक्तात मायक्रोलिटरला ४० परजीवी असतील, तर शंभर क्षेत्रांत जेमतेम दहा भेटतील. त्यातले काही धुताना गेले, काहींवर रंगाचा साका बसला आणि उरलेल्यांचे केंद्रक फिके राहिले, तर तंत्रज्ञाने शंभर क्षेत्रे इमानदारीने पाहूनही काच ‘निगेटिव्ह’ जाते. जास्त परजीवी असलेल्या काचेत वाईट रंग खपून जातो, कारण काही ना काही दिसतेच. थोडे परजीवी असलेल्या काचेत तो खपत नाही. त्यामुळे सदोष रंगाचा फटका बसतो तो ताप नुकताच सुरू झालेल्या, किंवा आधी अर्धवट औषध घेतलेल्या रुग्णांना.

दुसरे लपणे जातीचे. ६.८ सामूच्या बफरची वरची गोष्ट पुढे नेली तर ते कळते. व्हायवॅक्सच्या रुग्णाची काच त्या बफरमध्ये रंगवली जाते. पातळ थरात तांबड्या पेशी जरा जास्तच गुलाबी दिसतात. परजीवीचे पेशीद्रव्य, जे वेडेवाकडे पसरलेले निळे दिसायला हवे, ते फिके पडल्याने त्याचा आकार नीट लागत नाही. शुफनरचे ठिपके उमटतच नाहीत. जाड थरात तांबड्या पेशी फुटलेल्या असतात, तरीही चांगल्या रंगाच्या काचेत थराच्या कडेला व्हायवॅक्सच्या परजीवीभोवती ठिपक्यांचे गुलाबी वलय राहते. इथे तेही नाही. काच पाहणाऱ्याला मिळतात ती काही केंद्रके आणि तुटक अंगठ्या. पेशी फुगलेली आहे का, हे अनुभवी नजर अजूनही ताडू शकते. पण गर्दीच्या दिवशी ही काच फाल्सिपेरम म्हणून लिहिली जाण्याचा धोका मोठा असतो.

यातून होणारे नुकसान लगेच दिसत नाही. फाल्सिपेरमच्या उपचाराने रक्तातले व्हायवॅक्सही मरतात, ताप उतरतो आणि रुग्ण बरा झाला असे वाटते. पण व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा वेगळा क्रम असतो, आणि फाल्सिपेरम असे निदान झालेल्याला तो मिळत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुप्त परजीवी जागे होतात आणि त्याच माणसाला पुन्हा थंडी वाजून ताप भरतो. परजीवी पुन्हा रक्तात आले की तो डासांमार्फत इतरांनाही लागण देऊ शकतो. उलट चूक अधिक जिवावरची असते. फाल्सिपेरमला व्हायवॅक्स समजून क्लोरोक्विन दिले, तर त्या औषधाला दाद न देणारा परजीवी वाढतच राहतो.

चांगली काच ओळखायची कशी

रंग नीट चढला आहे की नाही, हे कळायला परजीवी सापडण्याची वाट पाहावी लागत नाही. पांढऱ्या पेशी प्रत्येक काचेत असतात आणि त्याच साक्षीदार ठरतात. जाड थरात त्यांची केंद्रके गडद जांभळी आणि कडा स्पष्ट असलेली दिसली, मधली जागा स्वच्छ आणि फिकी असली, तर परजीवीचे केंद्रकही रंगले असणार असे धरता येते. पातळ थरात तांबड्या पेशी फिक्या राखाडी-गुलाबी दिसायला हव्यात. त्या लाल-गुलाबी झाल्या आणि पांढऱ्या पेशींची केंद्रके फिकी राहिली, तर सामू खाली गेल्याचा संशय घ्यावा. त्या निळसर-हिरवट दिसल्या आणि सगळे थर काळपट निळे झाले, तर सामू वर गेला आहे किंवा काच रंगात फार वेळ राहिली आहे. पांढऱ्या पेशींची केंद्रके फिकी, पण तांबड्या पेशींचा रंग बरोबर, अशी काच असेल तर वेळ कमी पडली किंवा द्रावण शिळे होते.

रोज पहिल्या काचांबरोबर आधीच व्हायवॅक्स असल्याचे माहीत असलेली एक काच रंगवली, तर यातले बहुतेक दोष रुग्णाच्या काचेपर्यंत पोचण्याआधीच उघडे पडतात. त्या काचेत शुफनरचे ठिपके दिसले नाहीत, तर त्या दिवशीच्या बफरमध्ये किंवा रंगात दोष आहे. अशा वेळी रुग्णांच्या काचा वाचू नयेत. बफर बदलावा, सामू मोजावा आणि काचा पुन्हा रंगवाव्यात.

पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून होणारी झटपट चाचणी अनेक ठिकाणी काचेच्या जोडीला वापरली जाते, आणि काच वाईट असेल तेव्हा ती आधार देते. पण परजीवी किती आहेत आणि औषधाने ते कमी होत आहेत का, हे ती सांगत नाही. त्यासाठी काचच लागते. म्हणून जिथे पांढऱ्या पेशींची केंद्रकेच नीट रंगलेली नाहीत, तिथे ‘निगेटिव्ह’ हा अहवाल लिहिण्याचा अधिकार तंत्रज्ञाला उरत नाही. त्या जागी लिहायचे ते एकच: काच वाचण्यायोग्य नाही, नमुना पुन्हा घ्यावा.